वरील विषयास अनुसरून

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे मागांची खटखट आणि मराठी-तेलुगू बोलणे एकाच वेळी चालू असते, तिथे ‘अनुसरून-अर्जदार’ हा मनुष्यप्रकार विपुल आढळतो. त्याचे मुख्य लक्षण असे की, जागा बँकेतली असो वा टॉवेलच्या कारखान्यातली, त्याच्या अर्जाचा पहिला परिच्छेद ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की’ येथूनच सुटतो आणि जन्मगाव, दहावीचे टक्के, एमएस-सीआयटी व निर्व्यसनी कुटुंब ही स्थानके घेत, मागितलेल्या कामाच्या अलीकडेच थांबतो. शाळेत पाठ केलेला हा नमुना तहसीलदारांसाठी असतो. कारखान्याचा मालक तहसीलदार नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका निर्यातदाराला गुणवत्ता तपासनीस हवा आहे आणि जाहिरातीत अटी दोनच आहेत: जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन, तपासता यावे आणि दोष विणकराकडून मागावरच दुरुस्त करून घेता यावा. अर्जदार बी.कॉम. असून, काकांच्या कारखान्यात त्याने 4 वर्षे टॉवेल तपासलेले असतात. 70 बाय 140 सेंटिमीटरच्या टॉवेलचे क्षेत्रफळ 0.98 चौरस मीटर, म्हणून 500 जीएसएमला तो 490 ग्रॅम भरला पाहिजे, हे त्याला तोंडपाठ असते. काट्यावर 460 दिसले की तो आधी पाइलच्या, म्हणजे टॉवेलवरील फासांच्या, ताण्याकडे धावतो, कारण तो ताणा जास्त ओढला गेला की फास आखूड पडतात आणि वजन घटते. यातले अक्षरही अर्जात येत नाही. प्रमाणपत्र नसलेले ज्ञान ही पात्रता नव्हे आणि काकांकडचे काम हा अनुभव नव्हे, अशी त्याची श्रद्धा असते. घरी बोलली जाणारी तेलुगू तर ‘अवगत भाषा’ या रकान्यात, क्रिकेटच्या छंदाशेजारी, लाजत उभी असते.

पॅकिंग विभागात नोकरीला असलेला मावसभाऊ मग परिच्छेद छाटतो: ‘गुणवत्ता तपासनीस या जागेसाठी अर्ज करीत आहे. 4 वर्षे टेरी टॉवेल तपासले असून, वजन कमी भरल्यास दोष पाइलच्या ताण्यापर्यंत शोधता येतो. विणकरांशी तेलुगूत बोलून तो मागावरच दुरुस्त करून घेतला आहे.’ बी.कॉम. आणि टक्के मागच्या बायोडेटात जातात. मावसभावाची कसोटी सोपी असते: पदाच्या जागी ‘बँक लिपिक’ घालून पाहावे. जुना परिच्छेद तसाच ताठ उभा राहतो. नवा हास्यास्पद होतो, आणि तो तसा होणे हीच त्याची परीक्षा.

अर्जदाराला मात्र हा मजकूर उद्धट वाटतो, कारण त्यात विनंती नसते. बऱ्याच वादानंतर तो तयार होतो. केवळ ‘कुटुंबात कोणासही व्यसन नाही’ हे वाक्य राहू द्यावे, एवढा हट्ट तो तळहातावरची तंबाखू मळत मळत शेवटपर्यंत सोडत नाही.