बाकी सर्व क्षेम

आमच्या सोसायटीत वेळेवर पैसे भरणाऱ्यांशी माझे बरे चालते, अजिबात न भरणाऱ्यांशीही वाईट नाही. वाद होतो तो अर्धे भरणाऱ्यांमुळे, आणि तोही त्यांच्याशी होत नाही, कमिटीशी होतो. अर्ध्या रकमेची पोच लिहावी लागते. खजिनदाराने लिहिलेली पोच प्रत्येक सदस्याने थोडीथोडी सुधारल्याशिवाय बाहेर पडू नये, असा आमचा अलिखित उपविधी आहे.

ताजे प्रकरण साधे होते. एका सभासदाची चार तिमाह्यांची देखभालीची बिले थकली होती, प्रत्येकी 9,000 रुपयांची. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळव्याज घेता येते, आणि आमच्या सर्वसाधारण सभेने त्याचा दर वार्षिक 21 टक्के ठरवला आहे. एप्रिलच्या बिलावर बारा महिन्यांचे, जुलैच्या बिलावर नऊ, ऑक्टोबरच्या सहा आणि जानेवारीच्या बिलावर तीन महिन्यांचे, असे 31 मार्चअखेर 4,725 रुपये व्याज झाले. मुद्दल 36,000. एकूण 40,725. त्याच दिवशी सभासदाने 25,000 रुपये खात्यात टाकले आणि शेऱ्यात लिहिले, ‘मेंट’.

या ‘मेंट’ने कुणाचे पोट भरत नाही. भारतीय करार कायदा, 1872 मधली कलमे 59 ते 61 नेमकी याच प्रसंगासाठी आहेत. देणाऱ्याने पैसे कोणत्या देण्यापोटी ते सांगितले आणि घेणाऱ्याने घेतले, तर त्याच देण्यात जमा करायचे. काही सांगितले नाही तर घेणाऱ्याने ठरवायचे. दोघेही गप्प बसले तर जुने देणे आधी. व्याज आधी आणि मुद्दल नंतर ही रूढ रीत, आमच्या सभेचा ठरावही तसाच. मी त्याप्रमाणे लिहिले:

‘आपल्याकडून 31 मार्च रोजी बँकेमार्फत 25,000 रुपये मिळाले. त्यांपैकी 4,725 रुपये आजअखेरच्या व्याजात आणि 20,275 रुपये मुद्दलात, जुन्या बिलापासून, जमा केले. एप्रिल व जुलैची बिले फिटली. ऑक्टोबरच्या बिलापैकी 6,725 आणि जानेवारीचे 9,000 असे 15,725 रुपये मुद्दल आजअखेर बाकी आहे. व्याज बाकी नाही. रक्कम अंशतः स्वीकारली आहे, उरलेली बाकी सोडलेली नाही.’

यात मला काही कमी वाटले नाही. कमिटीला वाटले.

अध्यक्षांना ‘बाकी सोडलेली नाही’ हे टोचले. ‘अहो, शेजारी आहेत ते आपले, जप्तीची नोटीस वाटते ही.’ सेक्रेटरींनी ‘आजअखेर’ कापले, कारण तारीख वर आहेच. आता सभासदाने जूनमध्ये पत्र काढून 15,725 च दाखवावेत आणि मधल्या तीन महिन्यांच्या व्याजावर कुणी काही बोलू नये, अशी सोय झाली. निवृत्त मुख्याध्यापकांनी दोन आकड्यांचे वाक्य ‘रक्कम यथायोग्य जमा करण्यात आली आहे’ असे केले. भाषा नक्कीच सुधारली. फक्त ‘यथायोग्य’मध्ये किती रुपये बसतात ते कळेना.

आकडे काढायला कुणाची ना नव्हती, कारण बाकी ‘तीच राहते’. राहते खरी. सगळे पैसे मुद्दलात टाकले असते तरी 11,000 मुद्दल आणि 4,725 व्याज, म्हणजे 15,725 च. पण व्याज सरळ आहे, चढणार ते मुद्दलावर. पुढच्या तिमाहीत 15,725 वर 825 रुपये 56 पैसे होतात, 11,000 वर 577 रुपये 50 पैसे. नुसते ‘बाकी 15,725’ लिहून दिले की बिलाची आज्ञावली त्यात व्याज आहे की मुद्दल ते विचारत बसत नाही, सगळ्यावर आकारणी करते. त्यात जुने व्याज मिसळलेले असेल तर व्याजावर व्याज लागते, आणि मग तोच सभासद उपविधी घेऊन माझ्या दारात. अध्यक्षांच्या दारात नाही.

हे मी कमिटीत सविस्तर मांडले. सर्वांनी माना डोलावल्या आणि ‘आदरणीय सभासद’ की ‘प्रिय सभासद’ यावर चर्चा सुरू झाली. ‘आदरणीय’ला बहुमत मिळाले. चहा आला. ‘आपल्या सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत’ हे वाक्य एकमताने मंजूर झाले. येणे आमचे असताना ऋणी आम्हीच कसे, हे विचारणे मी टाळले, कारण समोसेही आले होते.

शेवटी तडजोड झाली. आदर, ऋण आणि शुभेच्छा त्यांच्या, मधली वाक्ये माझी, ‘आजअखेर’सकट. ‘सोडलेली नाही’च्या जागी ‘येणे कायम आहे’ आले, ते मला चालले. अर्थ तोच आणि अध्यक्षांना टोचत नाही.

सभासदाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. पत्र छान होते म्हणाले. पंचवीस हजारांतले पावणेपाच हजार व्याजात का गेले, एवढेच विचारायचे होते. आपण तर ‘मेंट’ लिहिले होते.