कलश, कमळ आणि १७ जुलै

छापील लग्नपत्रिकेत प्रत्येकाची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. माथ्यावर गणपती, त्याखाली कुलदैवत, मग चि. आणि चि. सौ. कां., मधोमध मुहूर्त, तळाशी काका-मामांची उतरंड, आणि एका कोपऱ्यात ज्याला अजून धड बोलताही येत नाही अशा भाच्याच्या तोंडी घातलेलं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून अबोला धरता येतो. पण गणपती कुठे बसवायचा यावरून कधी कुणी धरलेला नाही. मोबाइलवरच्या पत्रिकेला असा पूर्वजांचा पाठिंबा नाही. म्हणून सांगलीतल्या एका घरात नवरदेवाच्या धाकट्या बहिणीवर हे काम सोपवलं गेलं, तेव्हा तिला एकच अट सांगण्यात आली: आजोबांना कळली पाहिजे आणि मैत्रिणींना आवडली पाहिजे. उरलेल्या अटी नंतर आल्या, एकेक करून, घरच्या ग्रुपवर.

सुरुवात अर्थात गणपतीपासून झाली आणि तिथेच अडली. इमोजींच्या कीबोर्डवर गणपती नाही. भूत आहे, परग्रहवासी आहे, डोक्यावर पाणी मारत बसलेला देवमासा आहे, विघ्नहर्ता नाही. ओम आहे, आणि २०१९ साली देऊळ 🛕, पणती 🪔, साडी 🥻 आणि रिक्षा 🛺 अशी आपल्याकडची मंडळी एकाच खेपेत दाखल झाली. बहिणीने तात्पुरती सोय म्हणून हत्ती 🐘 बसवला. नानाकाकांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, ‘सर्कस कुठल्या मैदानावर आहे?’ हत्ती गेला. ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ अक्षरांतच राहिलं, आणि बरंच झालं. त्या दोन दंडांमधे जो मान आहे तो कुठल्याच चित्रात मावत नाही.

नवरा-नवरीचा प्रश्न त्याहून बिकट. वधूचं इमोजी 👰 म्हणजे डोक्यावरून पांढरी जाळी सोडलेली बाई, वर 🤵 म्हणजे काळा कोट आणि गळ्याशी बो. २०२० पासून तर जाळी पुरुषालाही घेता येते आणि कोट बाईलाही. आजोबांपर्यंत ही बातमी पोचू दिलेली नाही. लग्नाचं म्हणून जे खास चित्र आहे 💒, ते चक्क छोटं चर्च आहे, वर बदाम लावलेलं. याचं कारण सोपं आहे. इमोजींचा पहिला मोठा साठा जपानी मोबाइल कंपन्यांनी तयार केला, आणि जपानमधे पांढरा झगा घालून चॅपलमधे लग्न करण्याची हौस चांगलीच रुजलेली आहे, मग जोडपं ख्रिस्ती असो वा नसो. मुंडावळ्या, अंतरपाट, मंगळसूत्र यांतलं काहीच तिकडून यायचं कारण नव्हतं. साडी आली खरी, पण तिच्यात कुणी नाही. पत्रिकेत ती शालूपेक्षा दुकानाच्या सेलची जाहिरात वाटते.

मग बहिणीने माणसांचा नाद सोडला आणि वस्तूंकडे वळली. चारी बाजूंनी कमळांची वेलबुट्टी. मुहूर्तापाशी घड्याळ. ‘मिरज जंक्शनवर उतरून’ या ओळीला इंजिन. ‘नक्की यायचं’पाशी उंचावलेला पंजा, आणि सनई-चौघड्याच्या जागी, सनई नसल्यामुळे, तुतारीसारखं दिसणारं शिंग 📯. रंगसंगती म्हणून हे सगळं छानच जमलं होतं. पण धाकटे मामा वॉर्डात कार्यकर्ते आहेत. त्यांनी फोन हातात घेतला, वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, ‘ताई, ही पत्रिका आहे की सर्वपक्षीय बैठक?’ महाराष्ट्रात लग्नाच्या उपयोगाच्या निम्म्या वस्तू कुठल्या ना कुठल्या पक्षाने आधीच उचललेल्या आहेत, हे इमोजी करणाऱ्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. कमळं काढली तर एका मावसोबांना वाईट वाटणार, ठेवली तर दुसऱ्यांना. पाचही चिन्हं एकदम काढली गेली आणि घरात शांतता राहिली.

तारखेचा घोळ मात्र राजकारणापलीकडचा होता. लग्न रविवारी १३ डिसेंबरला. तारखेच्या आधी बहिणीने कॅलेंडरचं चित्र 📅 टाकलं, जसं सगळेच टाकतात. नानाकाकांकडे मुलाने वापरून दिलेला आयफोन आहे, आणि ॲपलच्या या चित्रावर १७ जुलै लिहिलेलं असतं. का, तर ॲपलने आपलं आयकॅल नावाचं कॅलेंडर २००२ साली त्या दिवशी जाहीर केलं होतं. पुढे १७ जुलै हाच जागतिक इमोजी दिन म्हणूनही धरला गेला. दुसऱ्या कंपन्यांच्या चित्रांवर ती तारीख असेलच असंही नाही. नानांना हा इतिहास माहीत नसल्यामुळे त्यांनी अक्षरं मोठी करून फक्त चित्र वाचलं आणि थेट नवरदेवाच्या वडिलांना फोन लावला. ‘दादा, आषाढात लग्न? भटजींना विचारलंस की नाही?’

घड्याळ आधीच गेलं होतं, पण जाण्यासाठी त्याच्याकडे स्वतःचंही कारण होतं. काट्यांची गोल घड्याळं कीबोर्डवर चोवीस आहेत: बारा पूर्ण तासांची, बारा साडेची. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा. मुहूर्त साडेबाराला असता तर तो मुहूर्त कसला, ती ऑफिसातली मीटिंग झाली असती. सात मिनिटांचा फरक तरुण पाहुण्यांच्या दृष्टीने शून्य, कारण ते दीडच्या पंगतीला पोचतात. अक्षता हातात धरून उभ्या राहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो फरक म्हणजेच लग्न.

इथवरचं सगळं दिसण्याबद्दल होतं. मोठ्या आत्यांना दिसत नाही. मोतीबिंदूच्या पलीकडचा काहीतरी त्रास आहे आणि त्यांच्या फोनमधे टॉकबॅक चालू असतं. स्क्रीनवर बोट ठेवलं की फोन मजकूर वाचून दाखवतो. इमोजी आलं तर तो त्याचं नाव वाचतो, आणि तीच फुलं दहा वेळा टाकली असली तरी फोनला त्यातलं एकही चुकवायचं नसतं. बहिणीला हे आठवलं म्हणून तिने पाठवण्याआधी आपल्याच फोनवर टॉकबॅक चालू करून पत्रिका ऐकली. शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना तिने कलश ठेवले होते. कलशाचं म्हणून वेगळं इमोजी नाही, पण झाकणाचं एक घाटदार भांडं ⚱️ आहे, आणि चौकात छापल्या जाणाऱ्या कितीतरी फ्लेक्सांना ते चालून जावं इतकं ते कलशासारखं दिसतं. फोनने शांत इंग्रजी आवाजात सांगितलं, ‘फ्युनरल अर्न’. मग वर-वधूंची नावं घेतली. मग पुन्हा, ‘फ्युनरल अर्न’.

युनिकोडच्या यादीत त्या भांड्याचं नाव खरोखरच ते आहे. त्यात पाणी आणि आंब्याची पानं नसतात, रक्षा असते. दुसरा पर्याय 🏺 निघाला ग्रीकांच्या दोन कानांच्या सुरईचा, ज्यात ते वाइन आणि तेल भरत. नारळ 🥥 आहे, पण तो फोडलेला. मंगलकार्याच्या आधीच वाढवून ठेवलेला. बहिणीने कलश काढले आणि आत्यांना यातलं काही सांगितलं नाही, जो या लेखकाच्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत समंजस निर्णय होता.

त्या ऐकण्यातून तिला मांडणी मात्र सापडली. जे कळायलाच हवं ते अक्षरांत. इमोजी ओळीच्या शेवटी, एका ओळीला एक, आणि असं की ते दिसलं नाही तरी काही अडू नये. शेवटी ठेवण्याचं कारण निव्वळ आवाजाचं नाही. फोनवर सूचना येते तेव्हा संदेशाची पहिली ओळ-दीड ओळच दिसते. तिथे नुसती फुलं असतील तर लग्न कुणाचं ते आतच राहतं. शिवाय जुन्या फोनला २०१९ पासूनची चित्रं ठाऊक नसतात. व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर स्वतःची चित्रं आणतं म्हणून आत पणती दिसते, पण बाहेर सूचनेत किंवा एसेमेसमधे त्या जागी रिकामी चौकट उभी राहते.

छापील पत्रिकेचं सुबक चित्रही तिने पाठवलं, कारण कुलदैवत आणि काकांची उतरंड कुठेतरी हवीच. पण चित्रातली अक्षरं फोनमधे अक्षरांचा आकार वाढवला तरी वाढत नाहीत, टॉकबॅकला ती धड वाचता येतील याचा भरवसा नाही आणि चित्रातल्या नकाशाच्या दुव्यावर बोट दाबून काही उघडत नाही. म्हणून चित्राखाली वेगळा संदेश:

॥ श्री गणेशाय नमः ॥
विवाह: रविवार, १३ डिसेंबर 🌼
मुहूर्त: दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे
हळद आणि संगीत: शनिवारी संध्याकाळी ६ पासून 💛
सहकुटुंब, सहपरिवार अगत्य यावे 🙏

त्याच्या आधी नावं, नंतर कार्यालयाचा पत्ता आणि नकाशा. हळदीला पिवळा बदाम, हा शोध तिचा स्वतःचा. आजोबांना त्यात हळद दिसली, मैत्रिणींना बदाम दिसला, आत्यांना नाव ऐकून वावगं काही वाटलं नाही. मैत्रिणींच्या यादीला एवढाच फरक, की संगीताच्या ओळीला नाचणारी 💃 जोडली.

उत्तरं येऊ लागली तेव्हा कळलं की पत्रिका दोन्ही पिढ्यांना जुळवली तरी प्रतिसाद कुणी जुळवलेले नाहीत. पुण्याच्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘😭😭 मेलो 💀’. त्याच्या वयात हा आनंदाचा कळस असतो. मोठ्या आत्यांच्या फोनने रडका चेहरा दोनदा आणि कवटी एकदा वाचली. त्यांचा फोन पाच मिनिटांत आला, ‘कोण गेलं गं?’ उलट बाजूने नानांनी नुसता 👍 पाठवला आणि बहीण संध्याकाळभर ‘काका चिडलेत का?’ म्हणून आईला विचारत राहिली. चिडले नव्हते. त्यांच्याकडे अंगठा म्हणजे पसंती, तिच्या मैत्रिणींत अंगठा म्हणजे विषय संपला. दूरच्या एका वहिनींनी 🙏🙏💐💐 पाठवलं, अगदी तेवढंच आणि त्याच क्रमाने जे त्यांनी आदल्या दिवशी त्याच ग्रुपवर एका श्रद्धांजलीखाली ठेवलं होतं. ते चुकीचं म्हणता येत नाही. हात जोडणं आणि फुलं वाहणं दोन्हीकडे चालतं.

पत्रिका ब्रॉडकास्ट यादीने गेली होती. एका यादीत २५६ माणसं मावतात, आणि प्रत्येकाला ती एकट्यालाच आल्यासारखी वाटते, म्हणून ज्येष्ठांसाठी ती ग्रुपपेक्षा बरी. पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमधे जतन केलेला नसतो त्यांच्यापर्यंत संदेश पोचतच नाही, आणि कॉलेजातल्या मुलीचा नंबर जतन करून ठेवणारे सत्तरीचे मामेआजोबा थोडेच असतात. एकच खूण घेऊन अडकलेल्या नावांची यादी काढून ती वडिलांकडे देण्यात आली. त्यांनी दुपारच्या चहानंतर पहिला फोन मिरजेच्या मोठ्या मावशींना लावला. पत्रिका त्यांना खरं तर नातवाकडून कळली होती.

‘मग येताय ना?’ वडिलांनी विचारलं.

‘पत्रिका पाहिली,’ मावशी म्हणाल्या. ‘बोलावणं करायला कधी येताय ते सांगा.’

वडिलांनी गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली आणि आईने कुंकवाचा करंडा आणि अक्षता पिशवीत भरल्या.