कानाला लावून बघ

बाळू अण्णांकडे काम शिकायला आला तेव्हा त्याला वाटलं होतं, पहिल्या दिवशी डोळ्याला लावायचं भिंग मिळेल. भिंग मिळालं नाही. मिळालं ते एक चालू घड्याळ, आणि तेही कानाला लावायला. "काय म्हणतंय सांग," अण्णा म्हणाले. बाळूने इमानदारीने ऐकलं आणि सांगितलं, "टिकटिक." अण्णांनी घड्याळ परत घेतलं, दुसरं दिलं. तेही टिकटिकच म्हणत होतं. अशी एकामागून एक बरीच घड्याळं झाल्यावर अण्णा चहाला निघून गेले.

दुकान एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि रसवंती यांच्या मध्ये. दुकान म्हणजे खरं तर एक काचेचं कपाटच, त्यात अण्णा बसतात. बाळू बाहेरच्या स्टुलावर. एकीकडे रसाच्या चरकाचे घुंगरू, दुसरीकडे गाड्यांचे हॉर्न, आणि मधल्या जागेत घड्याळाचं म्हणणं ऐकायचं. पट्टा बदलायच्या निमित्ताने मी तिथे जाऊन बसतो, त्यामुळे हे शिक्षण मी फुकटात पाहिलं.

सेल बदलायला बाळू लगेच शिकला होता. पण सेलच्या घड्याळात ऐकण्यासारखं काही नसतं. सेकंदाला एकदा आतली छोटी मोटर काटा ढकलते, बस्स. किल्लीच्या घड्याळाचं तसं नाही. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने 1961 साली बंगळुरात कारखाना काढला, आणि तिथून निघालेलं 'जनता' आपल्याकडच्या घराघरात गेलं. ते सेकंदाला पाच वेळा बोलतं, तासाला अठरा हजार वेळा. आणि प्रत्येक वेळी जो आवाज येतो तो एक नसतो, तीन असतात.

ही तीनची गोष्ट अण्णांनी बाळूला भिंगाखाली दाखवली, कारण ऐकून ती पटण्यासारखी नव्हतीच. बॅलन्सचं चाक इकडून तिकडे झुलत येतं तेव्हा त्याला बसवलेला माणकाचा बारीक खुंट पॅलेटच्या फाट्यावर आदळतो. तो पहिला आवाज. त्यामुळे पॅलेटचा दगड सुटतो, एस्केप चाकाचा दात त्याला ढकलून बॅलन्सला पुढचा झोका देतो, तो दुसरा. मग समोरचा दगड पुढच्या दाताला अडवतो आणि फाटा आपल्या अडसरावर जाऊन टेकतो. तो तिसरा, सगळ्यांत मोठा. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात उरकतं, म्हणून आपल्याला एकच 'टिक' ऐकू येते. "म्हणजे सुट्टे तीन ऐकायचे नाहीत?" बाळूने विचारलं. "नाही रे बाबा. तिन्ही जागच्या जागी असले की टिक कोरडी, स्वच्छ येते. तेल सुकलं, घाण बसली की ती मऊ पडते, पसरते. तेवढं ओळख."

हे ओळखायला बाळूला पावसाळा गेला. त्यातच एकदा एक गिऱ्हाईक ऑटोमॅटिक सेइको फाइव्ह घेऊन आलं. बाळूने ते कानाला लावलं आणि गिऱ्हाइकासमोरच निकाल दिला, "अण्णा, हे पळतंय." गिऱ्हाईक घाबरलं, कारण घड्याळ त्याच्या सासऱ्यांचं होतं. अण्णांनी मान वर न करता सांगितलं, "पळत नाही, त्याची चालच सहाची आहे." सेकंदाला सहा टिका टाकणारं मशीन आणि पाच टाकणारं मशीन शेजारी ठेवलं तर पहिलं घाईत वाटतं, पण वेळ दोन्ही बरोबर दाखवतात. चाकांचे दातच त्या हिशेबाने कापलेले असतात.

उलट, जे घड्याळ खरोखर पुढे-मागे जातं ते कानाला कळतच नाही. दिवसाला एक मिनिट मागे पडणारं 'जनता' तासाला अठरा हजारांत फक्त साडेबारा टिका कमी टाकतं. एवढं ऐकून सांगेन म्हणणारा माणूस भेटला तर त्याला घड्याळ देऊ नये, उसने पैसेही देऊ नयेत. त्यासाठी टाइमिंग मशीन असतं. त्याचा माइक तेच आवाज ऐकतो, पण मोजून ऐकतो. अण्णांकडेही एक आहे, कापडाखाली झाकलेलं. "त्याला कान आहे," अण्णा म्हणतात, "पण घड्याळ त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवायला कुणीतरी लागतं."

मग एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या 'जनता'ची तक्रार त्यांनी शाळेतल्या द्वाड मुलाची सांगावी तशी सांगितली. किल्ली पूर्ण दिली तरी ते आपण होऊन सुरू होत नाही, हातात धरून हलवावं लागतं. एकदा चाललं की दिवसभर गुणी. पहाटे मात्र बंद. दोन ठिकाणी सर्व्हिसिंग झालं होतं. एकाने कमान बदलली होती, दुसऱ्याने गुरुजींनाच 'नीट किल्ली देत जा' असा सल्ला दिला होता.

अण्णांनी घड्याळ बाळूकडे सरकवलं. बाळूने किल्ली दिली, हलवलं, तबकडी वर करून कानाला लावलं. मग कडेवर उभं धरून लावलं. अण्णांनी त्याच्याकडून हा क्रम घोटून घेतला होता. आडवं असताना बॅलन्सच्या आसाचं नुसतं टोक माणकावर टेकतं, घर्षण कमी, झोका मोठा, आवाज खणखणीत. उभं धरलं की आसाची कड माणकाच्या भोकात घासते, झोका थोडा उतरतो, आवाज थोडा दबतो. तो थोडाच दबायला हवा. एकदम पडला तर तेल किंवा आस. गुरुजींच्या घड्याळात तो थोडाच दबत होता. म्हणजे मशीन स्वच्छ होतं. तरी बाळू घड्याळ सोडीना. रसवंतीवाल्याला त्याने हात करून चरक थांबवायला लावला. त्या गल्लीच्या इतिहासात हे प्रथमच घडलं.

"टिक-टक, मग जरा दम खातंय, मग पुन्हा टिक-टक," बाळू म्हणाला. "पायात काटा भरलेल्या माणसासारखं. लंगडतंय."

"कुठल्या पायाने?" अण्णांनी विचारलं. हे काही कानाने सांगता येत नाही, हे बाळूला तोवर कळलं होतं. त्याने मागचं झाकण काढलं, अण्णांच्या देखरेखीखाली कमानीतली सगळी ताकद उतरवली आणि बॅलन्स आपोआप कुठे थांबतो ते पाहिलं. निरोगी घड्याळात तो थांबतो तेव्हा पॅलेटचा फाटा दोन्ही अडसरांच्या बरोबर मध्ये असतो. इथे तो एका बाजूला झुकलेला होता. म्हणजे एका बाजूचा दगड चटकन सुटत होता आणि दुसऱ्या बाजूचा सोडवायला बॅलन्सला जास्त लांब जावं लागत होतं. कमान भरलेली असताना ते जमायचं. पहाटेपर्यंत ताकद उतरली की एका झोक्याला दुसऱ्या बाजूपर्यंत पोचता येत नसे. थांबलेल्या घड्याळाला किल्ली देऊन उपयोग नव्हता तो याचमुळे. हलवलं की बॅलन्सला हवा तेवढा धक्का मिळायचा. आधीच्या कुणा कारागिराने हेअरस्प्रिंग काढून पुन्हा बसवताना ती किंचित फिरवून बसवली होती. कमान निर्दोष होती, गुरुजीही.

उपाय ऐकायला सोपा आहे. हेअरस्प्रिंगचं आतलं टोक एका इवल्याशा फटीच्या कड्यात अडकवलेलं असतं आणि ते कडं बॅलन्सच्या आसावर घट्ट बसलेलं असतं. फटीत बारीक पातं घालून कडं आसावर जरासं फिरवायचं. 'जरासं' म्हणजे किती, तर दिसेल न दिसेल इतकं. अण्णांनी बॅलन्स काढून दिला, बाळूने फिरवलं, परत बसवलं, किल्ली दिली. लंगडणं वाढलं. बाळूचा चेहरा पडला. अण्णा खूश झाले. "छान. आता दिशा कळली. तेवढंच परत आणि वर तेवढंच." हे दोनदा झालं. तिसऱ्या वेळी बाळूने किल्लीचे चार वळसे दिले आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. कुणी हात न लावता ते सुरू झालं. बाळूने कानाला लावलं, गुरुजींनी लावलं, आणि मग माझ्याही कानाला लावण्यात आलं. टिका एकसारख्या अंतराने पडत होत्या. खात्रीला अण्णांनी टाइमिंग मशीनचं कापड काढलं. आधी ज्या दोन रेघा एकमेकींपासून लांब पडल्या असत्या त्या आता जवळजवळ एकावर एक पडत होत्या. गुरुजींनी मशीनला नमस्कार केला. बाळूला वाटलं आपल्याला केला.

यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. एक बाई मनगटावरचं छोटं किल्लीचं घड्याळ घेऊन आल्या. रात्री उशाशी उलटं ठेवलं की सकाळी ते पाच-सात मिनिटं पुढे असतं, म्हणाल्या. बाळूने ते तबकडी खाली करून कानाला लावलं आणि म्हणाला, "अण्णा, टिकेच्या मागे बारीक खरखर आहे." अण्णांनी ऐकलं. "काही नाही." बाळूने पुन्हा ऐकलं. "आहे." अण्णांनी पुन्हा ऐकलं, मग घड्याळाची कड दातांत धरून ऐकलं, ही त्यांची जुनी सवय. "लंगडत नाहीये," ते म्हणाले. "लंगडत नाही, खरखरतंय," बाळू म्हणाला. बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

उघडून पाहिलं. घड्याळ उलटं केलं की हेअरस्प्रिंगचा एक वळसा खाली लोंबून बॅलन्सच्या आऱ्याला जेमतेम टेकत होता. टेकला की तेवढी स्प्रिंग कामातून जाते, उरलेली आखूड पडते आणि आखूड स्प्रिंग बॅलन्सला भराभर फिरवते. म्हणून रात्री पुढे आणि दिवसा हातावर बरोबर. अण्णांनी चिमट्याने वळसा उचलून सपाट केला. बोलले काहीच नाहीत.

वय वाढलं की कानातले बारीक, उंच आवाज आधी जातात, ठोका राहतो. लंगडणं हा ठोका आहे, खरखर हा उंच आवाज. अण्णांनी पोराला आधी ऐकायला का शिकवलं याचं उत्तर मी त्यांना विचारलं नाही. घरी काकूंचा आवाज अण्णांना बरीच वर्षं ऐकू येत नाही, पण तो बारीक नाही, तेव्हा ते प्रकरण वेगळं असावं.

आता आलेलं घड्याळ आधी बाळूच्या कानाला जातं, मग अण्णांच्या भिंगाखाली. ऐकण्याचे पैसे दुकानात घेत नाहीत, उघडण्याचे घेतात. तुमच्या कपाटात वडिलांचं किंवा आजोबांचं किल्लीचं घड्याळ पडून असेल तर रात्री गल्ली शांत झाल्यावर त्याला किल्लीचे चार-पाच वळसे द्या. आपोआप सुरू झालं तर ते आडवं आणि उभं धरून ऐका. हलवल्याशिवाय सुरू होत नसेल तर हलवत बसू नका, कुणा जाणत्या कारागिराला दाखवा. आणि नवी कमान टाकायला सांगण्याआधी त्याला एकदा ते कानाला लावायला सांगा.