कंपनीचं कुलूप

आमच्या ऑफिसात साठ माणसं आहेत आणि त्या साठांच्या लॅपटॉपचा मी धनी आहे. कुणाचा पासवर्ड विसरला, कुणाचा प्रिंटर रुसला की फोन मलाच. गेल्या वर्षी मी एक परिपत्रक काढलं. त्याचं चौथं कलम मला विशेष प्रिय होतं : ‘बाहेरच्या कोणत्याही वायफायला जोडण्याआधी कंपनीचे व्हीपीएन चालू असणे बंधनकारक आहे.’ ‘आधी’ हा शब्द मी ठळक केला होता. तो ठळक शब्द मे महिन्यात यवतमाळच्या एका हॉटेलात माझ्या छातीवर येऊन बसला.

मावसभावाचं लग्न होतं. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. सकाळी कारंज्याच्या आसपास जाग आली तेव्हा अकाउंट्सच्या मॅडमचा मेसेज होता : पगाराची फाइल आज दुपारपर्यंत बँकेत गेली पाहिजे, सर्व्हरवर तुमची मंजुरी बाकी आहे. मी फोनचं हॉटस्पॉट चालू केलं, लॅपटॉप जोडला, व्हीपीएन लावलं. हिरवा ठिपका उमटला, ‘Active’ अशी अक्षरं आली. मंजुरीचं पान उघडणार तेवढ्यात नेट बंद. रोजच्या दीड जीबीपैकी बराच डेटा मी मध्यरात्रीनंतर झोप येत नाही म्हणून मासे तळण्याचे व्हिडिओ पाहण्यात घालवला होता. बसमध्ये बसून मासे कशाला पाहायचे, हे मला आजही सांगता येणार नाही. हॉटेलात वायफाय असेलच, असं म्हणून लॅपटॉप मिटला आणि पिशवीत टाकला. हिरव्या ठिपक्यासकट.

खोली मावशीच्या घरच्यांनी पाहुण्यांसाठी घेतलेल्या रांगेतली होती. कूलर, पाण्याचा जग, भिंतीवर वायफायचं नाव लिहिलेला कागद. कागदावर पासवर्ड नव्हता, फक्त ‘मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्या’. ही ओटीपीची भानगड हॉटेलवाल्यांना हौस म्हणून सुचलेली नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं, आणि पुढच्या वर्षी दूरसंचार खात्याने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घ्या असं बजावलं. तेव्हापासून नेटच्या दारात आपण कोण हे सांगावं लागतं.

फोन जोडला. क्षणात लॉगिनचं पान आलं, नंबर, ओटीपी, झालं. बायकोचे सहा मेसेज धडाधड येऊन पडले. लॅपटॉप जोडला. वायफायच्या चारही दांड्या भरलेल्या. पान आलं नाही. गूगल उघडलं, गोल फिरत राहिलं. बँकेचं, पेपरचं, रेल्वेचं, सगळीकडे तेच गोल. फोनला पान येतं आणि लॅपटॉपला येत नाही, यावरून मी काढलेला निष्कर्ष असा की हॉटेलवाले लॅपटॉपवाल्यांना मुद्दाम अडवतात, कारण लॅपटॉपवाले जास्त नेट खातात. हे मी नुसतं मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी खाली जाऊन बोललो.

काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. त्याने नम्रपणे विचारलं, “काहून भाऊ, पेज नाही येऊन राह्यलं काय?” मी त्याला म्हणालो, “तुमचा राउटर रीस्टार्ट करा.” हा सल्ला मी आयुष्यात इतक्यांदा दिला आहे की तो तोंडातून आपोआप येतो. त्याने केला. वरच्या मजल्यावरून मॅच बघणाऱ्या वऱ्हाडाचा एकच आवाज आला. दोन मिनिटांनी सगळ्यांना पुन्हा ओटीपी घ्यावे लागले. माझं पान आलं नाही. मी म्हणालो, “परत करा.” दुसऱ्यांदा नवरदेवाचे काका बनियनवर जिन्यात येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी स्वतःचा लॅपटॉप रीस्टार्ट केला. तो उठला तोही हिरव्या ठिपक्यासकट. कारण चालू ठेवलेलं व्हीपीएन यंत्र उठताच आपोआप उठावं, कुणी विसरू नये, ही व्यवस्था माझीच.

मग मी खोलीचं दार लावून तज्ज्ञासारखं वागायला लागलो. काळी खिडकी उघडली आणि हॉटेलच्या राउटरलाच हाक मारली.

```
ping 192.168.10.1
General failure.
```

‘जनरल फेल्युअर’. दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांनीही माझ्याबद्दल साधारण हेच म्हटलं होतं. पण इथे मी चक्रावलो. राउटर खाली आहे, चार दांड्या आहेत, वायफायने मला पत्ताही दिला आहे आणि त्याच राउटरपर्यंत माझी हाक पोचत नाही? आता कुणालाही कळेल की दार आतून बंद आहे. मला कळलं नाही. मी खिडकीपाशी, मग बाथरूमपाशी लॅपटॉप हातात धरून फिरलो. वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस टॉवेल गुंडाळून कमोडवर लॅपटॉप ठेवून सिग्नल शोधतो आहे, हे दृश्य कुणी पाहिलं नाही एवढंच समाधान.

साडेअकराला मॅडमचा फोन आला. “सर, साठ जणांचा पगार आहे.” त्यात एक माझाही होता.

मी पुन्हा खाली गेलो, या वेळी आवाज खाली ठेवून. मुलाने लॅपटॉपकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “भाऊ, तुमचं ते कंपनीचं कुलूप चालू हाय का?”

“कुठलं कुलूप?”

“वणीकडे कोळशाच्या कामाले सायेब लोकं येतात, त्यांच्याजवळ पण असते. ते काढा न आधी. पेज येते. मंग लावा परत.”

मी त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं. त्याच खिडकीत खाली दोन आकडे असतात : किती पाठवलं, किती आलं. पाठवलेल्याचा आकडा पळत होता. आलेल्याचा आकडा लॅपटॉप रीस्टार्ट केल्यापासून शून्यावरच उभा. त्याच्यावर एरवी असते ती ‘Latest handshake’ची ओळच नव्हती, म्हणजे हस्तांदोलन झालंच नव्हतं. आमचं व्हीपीएन वायरगार्ड पद्धतीचं आहे, आणि त्या पद्धतीत ‘Active’चा अर्थ ‘पलीकडे कुणी उत्तर देतंय’ असा नसतो. ‘मी माझ्या बाजूने बोगदा खणून बसलो आहे’ एवढाच असतो. हे मी नव्या मुलांना शिकवतो. फळ्यावर चित्र काढून शिकवतो.

घडत होतं ते असं. हॉटेलचं वायफाय नव्या माणसाला पत्ता देतं, पण बाहेर सोडत नाही. त्याचं यंत्र कुठल्यातरी पानाची साधी, न कुलपाची मागणी करेल याची ते वाट पाहतं आणि त्या मागणीला भलतंच उत्तर देऊन त्याला हात धरून आपल्या काउंटरच्या पानाशी आणतं. अशी साधी मागणी विंडोज स्वतःहून करतो. वायफाय जोडलं की तो गुपचूप `http://www.msftconnecttest.com/connecttest.txt` मागवतो. त्यातून ‘Microsoft Connect Test’ हे तीन शब्द आले तर नेट आहे. दुसरंच काही आलं तर दारात कुणीतरी उभा आहे, ब्राउझर उघडा. फोनमध्येही असंच काहीसं चालतं, म्हणून फोनला पान लगेच आलं. फोनवर आमचं व्हीपीएन नव्हतं.

लॅपटॉपवर मात्र मी एका चौकोनात खूण केली होती : बोगद्याबाहेर एक कणही जाऊ द्यायचा नाही. त्या खुणेला अपवाद फार थोडे, वायफायकडून पत्ता घेणं हा त्यातला एक. म्हणूनच दांड्या भरल्या होत्या आणि राउटरला मारलेली हाक घरातच अडली. विंडोजची ती साधी चौकशीही बोगद्यातच ढकलली गेली. बोगदा पुण्याला जाणारा, आणि पुण्याला जायला हॉटेलची परवानगी नाही. हॉटेलच्या दारवानाला दिसत होती ती फक्त पुण्याच्या पत्त्याची सीलबंद पाकिटं. ती उघडता येत नाहीत, उत्तर म्हणून ‘आधी ओटीपी’ असं त्यावर लिहिता येत नाही. तो बिचारा ती टोपलीत टाकत होता. परवानगीशिवाय बोगदा नाही आणि बोगद्याशिवाय परवानगी मागायची नाही. दुसरी अट माझी.

सगळे प्रोग्रॅम मिटले, कारण व्हीपीएन नसताना मेलबिल उगाच बाहेर धावू नये एवढी अब्रू शिल्लक होती. ‘Deactivate’ दाबलं, वायफाय बंद करून चालू केलं. ब्राउझर आपणहून उघडला, पत्त्याच्या पट्टीत `msftconnecttest.com/redirect` चमकून गेलं आणि समोर पान : झेंडूच्या माळेचं चित्र, नंबरची चौकट. ते आपणहून आलं नसतं तर `http://neverssl.com` टाकायचं माझ्या डोक्यात होतं. ते पान मुद्दाम बिनकुलपाचं ठेवलेलं आहे, म्हणजे दारवानाला ते अडवून आपलं पान दाखवता येतं. गूगल किंवा बँक टाकून उपयोग नसतो. त्यांना कुलूप असतं आणि मधे कुणी हात घातला तर ब्राउझर बोंब ठोकतो किंवा नुसता फिरत राहतो. सकाळी मी नेमकी तीच पानं उघडत बसलो होतो.

ओटीपी टाकला, व्हीपीएन लावलं. हस्तांदोलन चार सेकंदांपूर्वीचं, आलेल्याचा आकडा पळायला लागलेला. बारा वाजून दहा मिनिटांनी मंजुरी गेली. मुलाने विचारलं, “झालं न भाऊ?” मी म्हणालो, “झालं. तुमचा राउटर चांगला आहे.” एवढी माफी माझ्याकडून निघाली.

दुसऱ्या दिवशी हळद लागत असताना पुन्हा सगळं थिजलं. चोवीस तासांनी हॉटेल ओळख विसरत होतं. या वेळी आकड्यांकडे पाहिलं, आलेल्याचा थांबलेला दिसला, कुलूप काढलं, ओटीपी घेतला, कुलूप लावलं. दोन मिनिटं. नवरदेवाच्या काकांना काही कळलं नाही.

पुण्याला आल्यावर चौथं कलम उघडलं. ‘आधी’ खोडून ‘लॉगिनचे पान पूर्ण झाल्यावर लगेच’ असं घातलं आणि ‘लगेच’ ठळक केलं. ठळक करायची सवय जात नाही. मग आठवलं की गेल्या पावसाळ्यात आमच्या विक्री विभागातल्या एका मुलाने कोल्हापूरहून फोन केला होता : सर, हॉटेलचं पान येत नाही. मी त्याला सांगितलं होतं, वायफाय खराब आहे, हॉटेल बदल. त्याला गाठून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला.

“सर, दुसऱ्या हॉटेलातही आलं नव्हतं.”

“मग कोटेशन कसं पाठवलंस?”

“नाही पाठवलं. साहेब रागावले तेव्हा तुमचा मेल दाखवला. ‘कोल्हापुरातील वायफाय सदोष’. तुम्हीच लिहून दिलं होतं.”