तेवीस अंशांचा कॅमेरा, चव्वेचाळीसचा मांडव

मे महिन्यात यवतमाळ, दारव्हा, पुसदकडे पारा चव्वेचाळीसपर्यंत चढतो आणि लग्नं भर दुपारची लागतात. मंगलाष्टकं सुरू झाली की कॅमेऱ्याच्या पडद्यावर तापमापीचं चिन्ह दिसतं आणि अक्षता पडायच्या आत कॅमेरा बंद. वधूपिता शूटिंगवाल्यावर खेकसतो, शूटिंगवाला कंपनीला शिव्या देतो.

कंपनीनं मात्र आधीच सांगितलेलं असतं. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश अशी छापलेली असते. २०२० साली कॅननचा आर-५ आला, तेव्हा ८के चित्रीकरण सुमारे २० मिनिटंच चालेल असं कंपनीनं स्वतःच जाहीर केलं होतं, आणि तेही २३ अंशांच्या हवेत! आपल्या मांडवात २३ अंश कुठून आणणार?

सेन्सर आणि प्रोसेसर चित्र वाचताना, दाबून साठवताना तापतात. ती उष्णता कॅमेऱ्याच्या अंगातून बाहेर पडते. बाहेरची हवाच तापलेली असेल तर उष्णता आतच साठते. म्हणून आधी उष्णता कमी तयार करा. ४के, सेकंदाला ६० फ्रेम ही सेटिंग वरातीच्या नाचातल्या स्लो मोशनपुरती ठेवा. विधी ४के २५ फ्रेमवर घ्या, दुपार फारच तापली तर सरळ फुल एचडीवर. मोबाइलवर बघणाऱ्या मामाला फरक कळत नाही, पण सप्तपदी गायब झाली तर नक्की कळते.

मुहूर्त टळतो तेव्हा कॅमेरा चालू ठेवू नका. रेकॉर्डिंग बंद असलं तरी पडद्यावर चित्र दिसतंय म्हणजे सेन्सर तापतोच आहे. फिरता पडदा असेल तर तो उघडून अंगापासून दूर करा, मागची पाठ मोकळी होते. कॅमेऱ्यावर पांढरी छत्री धरा आणि मागून छोटा पंखा लावा. हवा गरम असली तरी आतला भाग तिच्याहून गरम असतो, त्यामुळे वाऱ्याचा उपयोग होतोच.

सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत `Auto Power OFF Temp.` ही सेटिंग `Standard` वर असते. ती `High` केली की कॅमेरा जास्त वेळ टिकतो. पण अंग इतकं तापतं की हातात धरून चालत नाही, ट्रायपॉड लागतोच.

तरीही बंद पडला, तर बर्फाची पिशवी लावू नका. थंड पडलेल्या अंगावर, काचेवर दव धरतं. बॅटरी काढा, कप्पे उघडे ठेवा, सावलीत पंख्यासमोर ठेवा. लगेच चालू केला तर दोन-चार मिनिटांत पुन्हा बंद पडेल. तो थंड होईपर्यंतच्या वेळेसाठी दुसरा कॅमेरा हवाच, आणि तो पहिल्यापासून फुल एचडीवर, सावलीत, पूर्ण विधी घेत उभा असावा. दुपारच्या लग्नाची ऑर्डर घेताना त्याचे पैसे आधीच मागून घ्या.