पाच तारखेचा खड्डा

बिल पाठवलं की पैसे आले, असं धरून फ्रीलान्सरने घरखर्चाचं गणित मांडू नये. भाडं बिलाच्या तारखेला देता येत नाही, पैसे खात्यात जमा झाले की देता येतं. या दोन तारखांमधलं अंतर किती, ते तुमच्या पासबुकात आधीच छापलेलं आहे. प्रत्येक क्लायंटची मागची तीन बिलं काढा, प्रत्येक बिल आणि जमा यांच्यातले दिवस मोजा आणि सर्वांत उशिराचा आकडा धरा. करारात ४५ दिवस लिहिलेत आणि पैसे दर वेळी साठाव्या दिवशी येतात, तर तुमच्यासाठी साठच खरे.

पुण्यातली एक ग्राफिक डिझायनर घेऊ. १ जुलैला तिच्या खात्यात ७०,००० रुपये आहेत. घराचा बांधलेला खर्च महिना ५८,०००. त्यातले भाडं आणि कर्जाचा हप्ता मिळून ३१,००० दर पाच तारखेला जातात, किराणा, वीज, शाळा वगैरेंचे २७,००० महिनाभर झिरपत राहतात. सप्टेंबरच्या वीस तारखेला १८,००० चा विम्याचा वार्षिक हप्ता आहे.

आता येणं. एका क्लासचं दरमहा २५,००० चं काम दहा तारखेला न चुकता जमा होतं, पण दहा टक्के टीडीएस कापून, म्हणजे २२,५००. एका प्रकाशकाकडे जूनमध्ये दिलेलं ६०,००० चं बिल आहे, ते दहा ऑगस्टच्या आसपास ५४,००० होऊन येईल. एका एजन्सीचं ९०,००० चं काम अर्धं झालंय. त्याचं बिल जुलैअखेर जाईल आणि सप्टेंबरच्या मध्यावर ८१,००० येतील. कापलेला टीडीएस बुडत नाही, रिटर्न भरताना त्याचा हिशेब होतो, पण या तिमाहीत त्यातून गॅस सिलिंडर येणार नाही. ज्या कामाचं नुसतं बोलणं चाललंय, त्यापुढे शून्य लिहायचं.

महिन्यांची बेरीज केली तर सगळं ठीक दिसतं. जुलैअखेर ३४,५०० उरतात, ऑगस्टअखेर ५३,०००, सप्टेंबरअखेर ८०,५००. बहुतेक जण इथे वही मिटतात आणि फसतात.

वही मिटायच्या आधी दुसरी मांडणी करा. वेळेवर देणाऱ्या क्लासला हात लावू नका, बाकीचे पैसे एक महिना पुढे ढकला. प्रकाशक सप्टेंबरच्या दहा तारखेवर गेला, एजन्सी ऑक्टोबरात गेली. आता ऑगस्टअखेर खातं १,००० ने उणे आहे आणि सप्टेंबरअखेर ५०० ने. एवढंच पाहिलं तर वाटेल, हजार रुपयांचा तर प्रश्न आहे, कुठूनही निभेल. पण ५ सप्टेंबरला ३१,००० जातात आणि जमा व्हायला अजून पाच दिवस आहेत. त्या दिवशीचा आकडा उणे ३२,००० आहे. कर्जाचा हप्ता परत जातो, बँक दंड लावते, तो याच दिवशी. महिनाअखेरच्या आकड्यात हा खड्डा दिसतच नाही, म्हणून तक्ता महिन्यांचा नको, तेरा आठवड्यांचा हवा. प्रत्येक आठवड्यात सुरुवातीची शिल्लक, आलेले, गेलेले, उरलेले, एवढ्या चार ओळी पुरतात. फक्त पाच तारीख ज्या आठवड्यात येते, तिथे भाडं-हप्ता आधी वजा करून पाहा, जमा नंतर. दर सोमवारी अंदाजाच्या जागी खरा आकडा लिहा आणि शेवटी एक नवा आठवडा जोडा.

या कष्टाचा फायदा हा, की ५ सप्टेंबरचा खड्डा १ जुलैलाच दिसतो. एजन्सीचं काम अजून तिच्या हातात आहे, तोवर ती तीस टक्के ॲडव्हान्स मागू शकते. २७,००० चे टीडीएस जाऊन २४,३०० मिळतील. खड्डा ७,७०० वर येईल, आणि तेवढे जुलै-ऑगस्टच्या २७,००० मधून चार-चार हजार वाचवून भरतील. काम देऊन झाल्यावर हीच मागणी केली तर विनवणी होते.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी आणखी एक ओळ वाढवावी, कारण बिल केलं की कराची तारीख धावू लागते, क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत. आगाऊ कराचंही तसंच. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत असाल तर १५ मार्च ही एकच तारीख, नाहीतर १५ सप्टेंबर याच तिमाहीत येते.

आणि उद्यम नोंदणी आजच करा. पोर्टलवर ती फुकट होते. ती असली की २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे क्लायंटला लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. नोंदणीचा नंबर पुढच्या प्रत्येक बिलावर छापा.