माकडाचं अर्धं उत्तर

स्थळ पसंत पडण्याच्या मार्गावर असलं की हल्ली कांदेपोह्यांच्या आधी एक टप्पा येतो. दोन्हीकडचे वडीलधारे मुलाला मुलीचा आणि मुलीला मुलाचा नंबर देतात आणि ‘तुम्ही आधी बोलून घ्या’ म्हणून बाजूला होतात. बाजूला म्हणजे शेजारच्या खोलीत. भेट सहसा येत्या रविवारी ठरते. मधल्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर जे चालतं, त्यात उत्सुकता निर्माण करणं ही एक स्वतंत्र कला आहे.

अडचण अशी की बायोडेटाने गूढ म्हणून काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. उंची, गोत्र, नाडी, पगार, मामांचं गाव, सगळं समोरच्याला पाठ असतं. त्यावर काही जण एकदम गूढ व्हायला जातात. ‘मला समजून घेणं सोपं नाही’ असा मेसेज रात्री साडेअकराला येतो आणि वाचणारी व्यक्ती शांतपणे झोपी जाते. याचं कारण मानसशास्त्रात सापडतं. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं की माणसाला थोडं कळलेलं असतं आणि नेमकं काय कळायचं राहिलं आहे हेही दिसत असतं, तेव्हा कुतूहल जागं होतं. काहीच ठाऊक नसेल तर कुतूहलही नसतं. म्हणून गूढ लहान हवं, त्याला कडा हव्यात.

चिडवण्याचा कच्चा माल मात्र बायोडेटातच असतो, ‘आवडीनिवडी’ या रकान्यात. तिथे वाचन, प्रवास आणि संगीत यांच्याखेरीज महाराष्ट्रात कुणाला काही आवडल्याची नोंद क्वचितच आढळते. माणसाने स्वतःहून मिरवलेल्या गोष्टीवरून चिडवलं तर तो हसतो. उंची, रंग, पगार आणि आईच्या हातचा स्वयंपाक हे विषय बंद. शेवटचा तर लग्नानंतरही बंदच ठेवावा.

एक नमुना पाहू. मुलगा पुण्याचा, मुलगी ठाण्याची. त्याच्या बायोडेटात ‘ट्रेकिंग’. मंगळवारी तिने विचारलं, “ट्रेकिंग म्हणजे गाडीने सिंहगड आणि वर पिठलं-भाकरी ना?” हा प्रश्न चिमटा आहे, पण त्यात उत्तराला भरपूर जागा आहे. त्याने लिहिलं, “पिठलं-भाकरीचा आरोप मान्य. गाडीचा नाही.” आणि पुढे, “सिंहगडावर माझं एकदा जे झालं ते टाइप करता येणार नाही. त्याला दोन्ही हात लागतात.”

इथे कारागिरी आहे. गोष्ट कुठे घडली हे तिला कळलं, काय घडलं ते राहिलं आणि ते समोर बसल्याशिवाय कळणार नाही, याचं न्याय्य कारणही मिळालं. ‘सांगेन कधीतरी’ याने हे साधत नाही. त्यात तारीख नसते, ‘रविवारी सांगेन’ यात असते.

बुधवारी तिने तर्क केला, “माकड?” उत्तर आलं, “अर्धं बरोबर.” इतकं चारा म्हणून पुरे होतं. पूर्ण नकार दिला असता तर तिने नाद सोडला असता, पूर्ण होकारात खेळ संपला असता. गुरुवारपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, आणि ते कुणी आधी केलं यावर दोघांचं आजही एकमत नाही.

हे किती ताणावं? ‘हाहाहा’चं ‘हाहा’ झालं की सैल सोडावं. नुसता अंगठा आला की थांबावं. ‘सांगायचं नसेल तर राहू दे’ असं वाचायला मिळालं तर खेळ संपला आहे. तिथेच सांगून टाकावं. भेट पुढे पुढे ढकलत महिनाभर मेसेजच चालू ठेवणं तर घातकच. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये मांडलं की पडद्याआडून बोलताना माणूस स्वतःला निवडून-पारखून दाखवतो आणि वाचणारा उरलेल्या जागा चांगल्याच गोष्टींनी भरतो. महिनाभर अशा भरलेल्या मूर्तीसमोर प्रत्यक्षात येणाऱ्या माणसाचा निभाव लागणं कठीण.

आणि लपवायचं ते किरकोळच. आधीचं मोडलेलं लग्न, सुटलेली नोकरी, आजारपण यांना गूढ म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात.

रविवारी दादरच्या हॉटेलात चहा सांगून झाल्याबरोबर त्याने किस्सा उलगडला. हेही शास्त्राला धरूनच, कारण तोवर तिचं दुसऱ्या कशाकडे लक्ष लागणं अवघड होतं. माकडाने चष्मा पळवला होता. उरलेलं अर्धं म्हणजे दही विकणारी आजी, जिने एका कांदाभजीच्या मोबदल्यात माकडाशी तह घडवून आणला. दोन्ही हात खरोखर लागले. मुलीने घरी येऊन सगळं साभिनय सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “चष्मा आहे? नंबर किती?”